कोविड होऊन दोन वर्षं झाली, शरीर सावरलं, पण 'ते' अजून नाही

आडवाट
इथं मी दहा वर्षं आहे, पण या धाग्यासाठी नवा आयडी घेतलाय. कारण वाचून कळेलच.

वय ४३. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत कोविड झाला. नऊ दिवस दवाखान्यात होतो, त्यातले पाच ऑक्सिजनवर. स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, घरी आल्यावर त्याच्याच गोळ्या अडीच-तीन आठवडे कमी करत नेल्या. दम, खोकला, केस गळणं हे सगळं सहा-सात महिन्यांत आटोक्यात आलं. पण घरी आल्यापासून चार-पाच महिने मला बायकोजवळ जावंसंच वाटेना. भांडण नाही, राग नाही, काहीच नाही. जणू ते खातंच बंद झालं.

मग इच्छा हळूहळू परत आली, म्हणजे निम्मी-शिम्मी. तेव्हा दुसरंच लक्षात आलं. इरेक्शन येतं, पण टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत ओसरतं. सकाळी उठताना असायचं तेही आता आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही अर्धवट.

गेल्या महिन्यात धीर करून एका क्लिनिकमध्ये गेलो. त्यांनी रक्त घेतलं, टेस्टोस्टेरॉन २६२ आलं (रिपोर्टवर ३०० च्या पुढे नॉर्मल लिहिलंय). 'कोविडनं हॉर्मोन संपवलेत, दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं' असं सांगून तीन इंजेक्शनांचे पैसे आगाऊ घेतले. पहिलं इंजेक्शन येत्या शनिवारी आहे. घ्यावं का? आम्हाला दुसरं मूलही हवंय. मुलगी सात वर्षांची आहे.

खडूस_पेन्शनर
धागा काढल्याबद्दल आधी शाबास. आमच्या पिढीत हे विचारायचं म्हणजे रेल्वेरुळांकडेच्या भिंतीवरचे पत्ते वाचत बसायचं.

चकवा
आडवाटदादा, यावर संशोधन झालंय. अमेरिकेत मायामीला शास्त्रज्ञांना शिश्नाच्या आतल्या भागात कोविडचा विषाणू सापडला, आजार होऊन कित्येक महिने उलटल्यावरही! म्हणजे तो तिथं दडी मारून बसतो आणि रक्तवाहिन्या खराब करतो. इटलीतल्या पाहणीत कोविड झालेल्यांत हा त्रास तिप्पट निघाला. त्यामुळे हॉर्मोनपेक्षा हा रक्तवाहिन्यांचा मामला आहे. एकदा खराब झाल्या की झाल्या.

करवंद
लशीमुळे असू शकेल का? माझ्या चुलतभावाचं लग्नाला दोन वर्षं होऊनही काही नाही, त्यानं दोन डोस घेतलेत. स्पर्म काउंट कमी होतो म्हणतात.

देवराई
मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आडवाट, शनिवारचं इंजेक्शन तूर्त घेऊ नका. पैसे गेले तर जाऊ द्या. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, आणि तो अंडकोशांना काम थांबवायचा निरोप देतो. त्याबरोबर शुक्रजंतू तयार होणंही मंदावतं, काही महिन्यांत ते शून्यावरही येऊ शकतं. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. मूल हवं असलेल्या माणसाला हे आधी न सांगता टोचणं मला मान्य नाही.

दुसरं, ते २६२ किती वाजता घेतलेल्या रक्ताचं आहे? आणि काही खाऊन गेला होतात का?

चकवा, तुम्ही सांगताय ते दोन्ही अभ्यास खरे आहेत, पण त्यांचा आकार बघा. मायामीच्या अभ्यासात कोविड होऊन गेलेले पुरुष होते दोन. होय, दोन. आणि दोघेही ताठरता अगदीच गेल्यामुळे कृत्रिम रोपण बसवून घ्यायला आलेले. त्या शस्त्रक्रियेतच तो तुकडा घेतला. त्यात विषाणूसारखे कण दिसले, आणि रक्तवाहिनी सैल पडायला जो नायट्रिक ऑक्साइड लागतो तो बनवणारं एन्झाइम कमी आढळलं. हे महत्त्वाचं आहे, मी हसण्यावारी नेत नाही. पण त्यांची ताठरता त्या कणांमुळे गेली की आधीपासूनच जात होती, हे दोन माणसांवरून कोण सांगणार?

इटलीचं तर त्याहून गमतीचं. रोममधल्या संशोधकांची ती ऑनलाइन पाहणी होती. कोविड झालेले २५ आणि न झालेले ७५ अशी जुळवणी केली. पहिल्या गटात २८ टक्क्यांना त्रास, दुसऱ्यात ९ टक्क्यांना. आता माणसं मोजा. २५ पैकी ७ आणि ७५ पैकी ७. एका बाजूची दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली असती तर मथळाच बदलला असता. दिशा बरोबर असेल, 'तिप्पट' या शब्दावर घर बांधू नका.

करवंद, तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथं आपण इच्छा आणि ताठरतेबद्दल बोलतोय, शुक्रजंतूंबद्दल नाही. लशीबद्दल मायामीच्याच लोकांनी ४५ पुरुषांची तपासणी एमआरएनए लशीच्या आधी आणि दोन डोसांनंतर केली होती, संख्या घटली नव्हती. भावाला आणि वहिनींना, दोघांनाही, तपासून घ्यायला सांगा. लशीवर बोट ठेवून बसले तर वय मात्र पुढे जात राहील.

आडवाट
डॉक्टर, खूप आभार. ऑफिस सुटल्यावर गेलो होतो. संध्याकाळचे साडेपाच. चारला वडापाव आणि चहा झाला होता.

देवराई
मग त्या आकड्याला मी फारसा अर्थ देणार नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. खाण्यानंतर, विशेषतः गोड-पिठूळ खाण्यानंतर, ते पाव हिश्श्यानं कमी होऊ शकतं. म्हणून सकाळी ७ ते १०च्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा. दोन्ही वेळा कमी आलं तरच 'कमी' म्हणायचं. आजारी असताना किंवा रात्रभर जागून करू नका.

त्याच रक्तातून प्रोलॅक्टिन, थायरॉइड, चरबीचं प्रमाण, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची साखर करून घ्या. शेवटची साखर कधी बघितली होती?

आडवाट
दवाखान्यात असतानाच. तेव्हा ३०० च्या वर गेली होती, इन्सुलिन दिलं. सुटताना म्हणाले, स्टेरॉइडची साखर आहे, जाईल आपोआप. नंतर बघितलीच नाही.

देवराई
इथंच मला शंका येतेय. रिपोर्ट येऊ द्या, मग बोलू.

रानजाई
मी इथं बायको म्हणून लिहितेय. यांना जानेवारी २०२२ मध्ये कोविड झाला, अगदी सौम्य, घरीच. ताप दोन दिवस. पण त्यानंतर छातीत धडधड, झोप नाही, सतत 'मला काहीतरी झालंय' ही भीती. मार्चमध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली, एसिटालोप्राम. भीती गेली, माणूस बरा झाला. पण तेव्हापासून जवळच येत नाहीत. सकाळचं सगळं नीट असतं, म्हणजे मला दिसतं ते. फक्त मन नाही. आणि कधी झालंच तर शेवटपर्यंत पोहोचायला अर्धा-पाऊण तास. मी म्हणते माझ्यात काही कमी आहे का? ते म्हणतात कोविडमुळे असेल. कोविडमुळे असेल का?

चकवा
वहिनी, बरोबर, कोविडमुळेच. ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झालाय, त्यात इच्छा कमी होणं आणि वीर्यपतनात अडचण ही दोन्ही लक्षणं आलीत.

देवराई
चकवा, हा अभ्यास तुम्ही बरोबर आठवलात आणि तो चांगलाही आहे. जुलै २०२२ मध्ये आला. ब्रिटनच्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी होत्या, दवाखान्यात भरती न झालेले ४ लाख ८६ हजार कोविड रुग्ण आणि त्यांच्या चौपट तुलनेचे लोक. बारा आठवड्यांनंतरही ज्यांची तक्रार टिकून होती त्यांत वास जाणं आणि केस गळणं सर्वांत ठळक. पण त्याच यादीत वर कुठं तरी वीर्यपतनाची अडचण आणि कामेच्छा कमी होणं हेही होतं. दोन्ही साधारण अडीच पटीच्या आसपास. म्हणजे सौम्य कोविडनंतरही हे होतं, मनाचे खेळ म्हणून झटकायचं कारण नाही.

पण रानजाईताई, तुमच्या यजमानांचा क्रम बघा. आजार जानेवारीत, गोळी मार्चमध्ये, आणि इच्छा गेली 'तेव्हापासून', म्हणजे मार्चपासून. सकाळची ताठरता शाबूत आहे, याचा अर्थ रक्तवाहिन्या आणि नसा काम करताहेत. इच्छा कमी आणि शेवटाला उशीर, ही जोडी या जातीच्या गोळ्यांची जुनी ओळख आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपेचा विचका होतो आणि ती भीतीही परत येऊ शकते. ज्यांनी दिली त्यांच्याकडे दोघं जा आणि तुम्ही इथं लिहिलंत तेच शब्द सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलताही येतं. तुमच्यात काही कमी नाही, हे मी डॉक्टर म्हणून नाही, त्या क्रमावरून सांगतोय.

धडधडीसाठी काही दिलंय का? काही गोळ्या तिथंही आडव्या येतात.

रानजाई
हो, मेटोप्रोलॉल २५, सकाळी. हे तर कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्या सोमवारची वेळ घेतलीये.

सुपारीचे_खांड
एक प्रश्न बायकांकडून. मला २०२० मध्ये कोविड झाला, त्यानंतर वर्षभर अंग असं थकायचं की रात्री नवऱ्याचा हात लागला तरी नको व्हायचं. जवळ आलो तर दुसऱ्या दिवशी मी आडवी. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, या वयात होतं असं. वय ३६!

देवराई
ताई, हे माझ्या क्षेत्राच्या जरा बाहेरचं आहे, पण ते 'दुसऱ्या दिवशी आडवी' फार नेमकं लिहिलंत. लांबलेल्या कोविडमध्ये श्रमानंतर एक-दोन दिवसांनी शरीर कोसळतं, आणि संभोग हाही शरीराच्या हिशेबी श्रमच, साधारण दोन मजले चढण्याइतका. तिथं इच्छा गेलेली नसते, शरीर हिशेब मांडून नको म्हणतं. वर सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात बायकाही होत्या. पण यातल्या बहुतेक संशोधनाचा ओढा पुरुषांकडेच आहे, हे खरं.

आडवाट
रिपोर्ट आले. सकाळी साडेसातला, उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन पहिल्या दिवशी ३९८, दहा दिवसांनी ३७१. प्रोलॅक्टिन, थायरॉइड नॉर्मल. आणि डॉक्टर, तीन महिन्यांची साखर ७.४. उपाशीपोटी १५२.

म्हणजे मला मधुमेह आहे. दोन वर्षं मी तो कोविडच्या नावावर खपवत होतो. बायको रिपोर्ट वाचून आधी रडली आणि मग म्हणाली, बरं झालं, निदान काहीतरी सापडलं.

इंजेक्शनं रद्द केली. पैसे परत मिळाले नाहीत.

देवराई
तुम्हाला निदान एका शब्दात सांगायचा मोह होतोय, पण सांगणार नाही. कारण एकच असेलच असं नाही. मला दिसतं ते असं:

पहिले चार-पाच महिने इच्छाच नव्हती, ते बहुधा आजाराचं आणि हॉर्मोनचं असणार. मिलानच्या सॅन राफाएले रुग्णालयातल्या लोकांनी हे नीट मोजलंय. कोविडनं आलेले २८६ पुरुष आणि २८१ निरोगी. आजारात दर दहांतल्या जवळपास नऊ जणांचं टेस्टोस्टेरॉन खूप खाली गेलं होतं. पुढं सात महिन्यांनी १२१ जण परत तपासले, तेव्हा पातळी बरीच वर आली होती, तरी निम्म्याहून जास्त अजून कमीच. वर्षानं तीसेक टक्के कमी. म्हणजे बहुतेकांचं आपोआप सावरतं, फक्त महिन्यांच्या हिशेबानं, आठवड्यांच्या नाही. मर्यादाही सांगतो: या लोकांचं आजारापूर्वी किती होतं हे कुणालाच माहीत नाही, आणि त्यातले काही तेव्हाच लठ्ठ, मधुमेही होते. पण तुमचा प्रवास, इच्छा जाणं आणि हळूहळू निम्मी परत येणं, त्याच वाटेनं गेलेला दिसतो. आजचं ३९८-३७१ फार भारी नाही, पण इंजेक्शन द्यावं असंही नाही.

इरेक्शन न टिकणं मात्र आता साखरेच्या खात्यावर जास्त जातं. साखर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आणि बारीक नसा, दोन्ही खाते. ती स्टेरॉइडनं आणली, की आधीच उंबऱ्यावर होती आणि स्टेरॉइडनं आत ढकलली, हे आता कळणार नाही. त्या लाटेनंतर अशी बरीच माणसं माझ्याकडे आली आहेत. आणि विषाणूनंही अस्तराला थोडा धक्का दिला असेल, ते मी नाकारत नाही. पण त्यावर आज औषध नाही, साखरेवर आहे.

एक गोष्ट राहिली. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चार. म्हणून बिघाड आधी इथं दिसतो, तिथं काही वर्षांनी. घरात कुणाला हृदयविकार?

आडवाट
वडिलांना ५१व्या वर्षी अटॅक आला होता.

देवराई
मग मधुमेहाच्या डॉक्टरांबरोबर हृदयाचेही एकदा गाठा. ईसीजी आणि ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट. ते झाल्यावरच इरेक्शनच्या गोळीचा विषय.

आडवाट
गोळी घेऊन झालीये डॉक्टर, एका मित्राकडून. सिल्डेनाफिल ५०. काही झालं नाही. मटणाचं जेवण, दोन पेग, गोळी, आणि मग पलंगावर वाट बघत बसलो. तासाभरानं झोप लागली.

खडूस_पेन्शनर
हे वाचून हसलो, माफ करा. पण मित्राकडून गोळी घेताना एक ऐका. मी ६८चा, छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो. मलाही असाच एका मित्रानं 'घेऊन बघ' म्हणून हातावर ठेवली होती. नातू फार्मसीत आहे, त्यानं हिसकावली. म्हणाला, आजोबा, या दोन गोळ्या एकत्र गेल्या तर रक्तदाब असा कोसळतो की उठवता येत नाही.

देवराई
आजोबा, नातवाला माझा नमस्कार. सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेणाऱ्यानं ही गोळी घ्यायचीच नाही, यात तडजोड नाही. आणि ही गोळी घेतलेल्या माणसाला छातीत दुखलं तर दवाखान्यात ते आधी सांगायचं.

आडवाट, तुमची गोळी अपयशी नव्हती, ती रात्र होती. तेलकट जेवणानंतर सिल्डेनाफिल रक्तात उशिरा आणि कमी जातं, दारूनं ताठरता आणखी ढिली पडते, आणि ही गोळी स्विच नाही. मनात आणि स्पर्शात काही चालू असेल तरच ती मदत करते. नुसती वाट पाहिली तर झोपच लागणार. हलकं पोट, तासभर आधी, दारू नाही, आणि पाच-सहा वेगवेगळ्या वेळा करून बघितल्याशिवाय 'चालत नाही' म्हणायचं नाही. पण हे हृदयाचा निकाल आल्यावर, आणि चिठ्ठीवर.

चकवा
आणि अश्वगंधा, शिलाजित? निदान अपाय तरी नाही.

देवराई
अपाय नाही असं म्हणता येत नाही, कारण डबीत काय आहे ते कळत नाही. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या, तासाभरात हमखास परिणाम दाखवणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिलच सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत. आजोबांसारख्या माणसानं तीच पुडी घेतली तर?

आडवाट
साडेचार महिन्यांनी धागा वर काढतोय, कारण काही जणांनी व्यनितून विचारलं.

स्ट्रेस टेस्ट ठीक आली. मेटफॉर्मिन सुरू आहे, वजन ८६ वरून ७९. तीन महिन्यांची साखर ६.६. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत ताठरतेबद्दलचा पाच प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता, २५ पैकी २२ किंवा जास्त म्हणजे नीट म्हणतात. माझे तेव्हा ११ होते, आता १७. गोळी चिठ्ठीवर घेतली, पाचांपैकी तीन वेळा नीट झालं. गेल्या महिन्यात दोनदा गोळीशिवायही. सकाळचं परत आलंय, आठवड्यातून तीन-चार वेळा.

इच्छा मात्र अजून पूर्वीसारखी नाही. सात आण्यांची म्हणा. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, हे कोविडचं शिल्लक आहे, वयाचं आहे, की दोन वर्षं घाबरून राहिल्याचं, ते सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी हॉर्मोन पुन्हा बघू.

रानजाई
यांची गोळी बदलली, तीन महिने झाले. फरक आहे. धडधडीची गोळी तशीच ठेवलीये. एवढंच लिहिते.

चकवा
देवराई सर, एक राहिलं. मी इथं एवढा बोलतो, पण माझंही टेस्टोस्टेरॉन गेल्या वर्षी २८० आलं होतं आणि मी तेव्हापासून डोक्याला हात लावून बसलोय. रक्त दुपारी तीनला दिलं होतं, जेवून.

देवराई
उद्या सकाळी उपाशीपोटी जा. आणि साखरही बघा.